कंपनी बुडाली, आधी पैसे कुणाचे?

कारखान्याच्या गेटला टाळं लागलं की बाहेर जमलेल्या माणसांचे प्रश्न ठरलेले असतात. चार महिन्यांचा पगार राहिलाय, तो कोण देणार? पगारातून कापलेला फंड भरला होता का? आमचं बिल अडकलंय, जमीन विकून ते भागवता येणार नाही का? आणि मालक तर बंगल्यात राहतो, गाडीतून फिरतो. मग पैसे नाहीत असं म्हणायचं तरी कसं?

या सगळ्या प्रश्नांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे. दहा जणांचे मिळून शंभर रुपये द्यायचे आहेत आणि पेटीत पंचेचाळीसच आहेत, तर कुणाला किती? भारतात कंपन्यांच्या बाबतीत याचं उत्तर २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेत दिलेलं आहे. ते उत्तर अनेकांना कठोर वाटेल. काही ठिकाणी ते कठोर आहेच. पण ते आधीपासून लिहून ठेवलेलं आहे, त्यामुळे आपली जागा कुठे ते आपल्याला आजच पाहता येतं.

१. पैसे नाहीत म्हणजे नेमकं काय?

कंपनी दोन तऱ्हांनी अडचणीत येते. एखाद्या कारखान्याची जमीन, यंत्रं, माल मिळून शंभर कोटींची मालमत्ता असते, देणी सत्तर कोटींचीच असतात, पण सात तारखेला पगार करायला बँकेत रोकड नसते. दुसऱ्याकडे आज रोकड असते, पण सगळं विकलं तरी देणी फिटणार नाहीत इतकं कर्ज झालेलं असतं. पहिल्याची चणचण तात्पुरती असू शकते. दुसरा आतून पोकळ झालेला असतो, फक्त बाहेरून ते दिसत नाही.

भारतीय कायद्याने हा हिशेब तपासण्याच्या भानगडीत न पडता सोपी कसोटी घेतली आहे. ठरलेल्या तारखेला देणं चुकवलं का, एवढंच तो विचारतो. थकलेली रक्कम किमान एक कोटी रुपये असली तर घेणेकरी राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे अर्ज करू शकतो. ही मर्यादा आधी एक लाख होती, मार्च २०२० मध्ये ती एक कोटी झाली. लहान पुरवठादाराला हा बदल फार जड गेला. वीस-पंचवीस लाखांचं बिल अडकलेल्या माणसासाठी हे दारच बंद झालं.

अर्ज बँक करू शकते, पुरवठादार करू शकतो, कामगार करू शकतात आणि खुद्द कंपनीही करू शकते. कामगारांच्या वतीने त्यांची युनियन सगळ्यांची थकबाकी एकत्र करून अर्ज करू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये मान्य केलं. पुरवठादाराला मात्र आधी मागणीची नोटीस देऊन दहा दिवस थांबावं लागतं. त्या नोटिशीआधीच मालाच्या दर्जावरून किंवा रकमेवरून खरा वाद सुरू असेल, तर त्याचा अर्ज फेटाळला जातो. मालाबद्दल आलेली तक्रारीची मेल उत्तर न देता पडू द्यायची नसते, ती यासाठी.

२. कंपनी वेगळी, मालक वेगळा

आता बंगल्याचा प्रश्न. कायद्याच्या नजरेत कंपनी ही स्वतंत्र व्यक्ती आहे. कर्ज तिने काढलं, माल तिने घेतला, पगारही तिनेच द्यायचा आहे. भागधारकाने शेअरसाठी जेवढे पैसे घातले तेवढेच त्याचे बुडतात, त्यापलीकडे त्याच्या घरादाराला हात लागत नाही. मर्यादित जबाबदारीची ही सोय नसती, तर अनोळखी माणसांच्या धंद्यात पैसे गुंतवायला कुणी धजलं नसतं.

पण बँकांना हे पक्कं ठाऊक असतं. म्हणून कर्ज देतानाच त्या प्रवर्तकाची वैयक्तिक हमी लिहून घेतात. कंपनीने फेडलं नाही तर मी फेडीन, असा तो कागद असतो. डिसेंबर २०१९ पासून अशा हमीदारांवरही याच संहितेखाली कारवाई होऊ शकते आणि २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती तरतूद उचलून धरली. म्हणजे बंगला बँकेच्या तावडीत येऊ शकतो. पण हमी लिहून घेतलेली असते ती बँकेने. कामगाराकडे किंवा पुरवठादाराकडे सहसा असा कागद नसतो. मालकाने गैरव्यवहार केला असेल तर गोष्ट वेगळी. निव्वळ धंदा बुडाला म्हणून त्याच्या घरापर्यंत पोहोचण्याचा रस्ता या लोकांना नाही.

३. सगळं जागच्या जागी थांबतं

न्यायाधिकरणाने अर्ज दाखल करून घेतला की त्याच दिवसापासून स्थगिती लागू होते. कंपनीविरुद्धचे दावे थांबतात, तारण जप्त करता येत नाही, वसुलीची कारवाई करता येत नाही. संचालक मंडळाचे अधिकार गोठतात आणि कारभार एका परवानाधारक व्यावसायिकाकडे जातो. त्याला रिझोल्यूशन प्रोफेशनल म्हणतात.

ही स्थगिती का लागते, हे जेट एअरवेजच्या गोष्टीतून स्पष्ट दिसतं. मुंबईतल्या या विमान कंपनीवर बँकांचंच आठ हजार कोटींहून अधिक कर्ज होतं. एप्रिल २०१९ मध्ये तिच्याकडे इंधनालाही पैसे उरले नव्हते. १० एप्रिलला अ‍ॅमस्टरडॅमच्या स्किपोल विमानतळावर एका मालवाहतूक कंपनीने थकबाकीपोटी जेटचं बोइंग ७७७ विमान अडकवून ठेवलं. ते मुंबईला यायला निघणार होतं. आठवड्याभराने, १७ एप्रिलच्या रात्री, अमृतसरहून मुंबईला आलेलं विमान हे जेटचं शेवटचं उड्डाण ठरलं. २० जूनला न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाने दिवाळखोरीचा अर्ज दाखल करून घेतला.

स्किपोलवरच्या त्या घेणेकऱ्याला दोष देता येत नाही. त्याने हाताशी आलेली वस्तू धरली, इतकंच. पण प्रत्येकाने तेच केलं तर जो जवळ आहे आणि चपळ आहे त्याला सगळं मिळतं, आणि लांब बसलेल्याला काहीच मिळत नाही. शिवाय एकाने विमान नेलं, दुसऱ्याने इंजिन, तिसऱ्याने बँक खातं गोठवलं, की धंदा म्हणून विकण्यासारखं काही उरत नाही. चालू कारखान्याला जी किंमत येते, तिच्या पासंगालाही सुट्या भागांची किंमत पुरत नाही.

इथे एक बारकावा महत्त्वाचा आहे. कंपनीच्या ताब्यात जे दिसतं ते सगळं कंपनीचं नसतं. जेटच्या ताफ्यातली बरीच विमानं भाड्याने घेतलेली होती. स्थगिती लागण्याआधीच्या त्या दोन महिन्यांत परदेशी मालकांनी भारतातली नोंदणी रद्द करून त्यातली बरीचशी परत नेली. गो फर्स्ट या विमान कंपनीच्या वेळी उलटं घडलं. तिने मे २०२३ मध्ये स्वतःहून अर्ज केला, स्थगिती लगेच लागली आणि भाड्याची विमानं विमानतळांवरच अडकली, कारण मालकालाही कंपनीच्या ताब्यातली वस्तू या काळात परत नेता येत नाही असं संहिता म्हणते. त्यावर जगभरातल्या विमानमालकांनी इतका आक्षेप घेतला की ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढून विमानांना या स्थगितीतून वगळलं.

४. विकायची की वाचवायची?

यानंतर गाठ पडते घेणेकऱ्यांच्या समितीशी. समितीत मत असतं ते मुख्यतः कर्ज देणाऱ्यांना, म्हणजे बँका, वित्तसंस्था आणि रोखेधारक यांना. बिल्डरच्या प्रकल्पात पैसे भरलेले घरखरेदीदारही २०१८ पासून कर्जदात्यांतच मोजले जातात. माल किंवा सेवा पुरवणाऱ्यांना साधारणपणे मत नसतं. रिझोल्यूशन प्रोफेशनल खरेदीदारांकडून प्रस्ताव मागवतो आणि कर्जाच्या प्रमाणात मोजलेली ६६ टक्के मतं ज्या प्रस्तावाला मिळतील तो न्यायाधिकरणाकडे जातो. कोर्टकचेरीचा काळ धरून या सगळ्याला ३३० दिवसांची मुदत आहे. प्रत्यक्षात मोठी प्रकरणं ती सर्रास ओलांडतात.

कंपनी वाचली तर खरेदीदाराने आणलेले पैसे कुणी किती घ्यायचे, यावर एस्सार स्टीलच्या प्रकरणात मोठी लढाई झाली. आर्सेलर मित्तलने सुमारे ४२ हजार कोटींचा प्रस्ताव दिला होता. अपील न्यायाधिकरणाने जुलै २०१९ मध्ये बँका आणि पुरवठादार यांना सारख्याच प्रमाणात वाटा द्यायला सांगितलं. नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केलं. तारण असलेला कर्जदाता आणि बिलाचा घेणेकरी हे सारखे नाहीत, म्हणून त्यांना सारखं वागवायचं कारण नाही. वाटणी ठरवणं हे समितीचं व्यावसायिक काम आहे, असा त्या निकालाचा गाभा. पुरवठादाराला फक्त एक तळाची हमी उरली. पुढच्या भागात सांगितलेल्या क्रमाने पैसे वाटले असते तर त्याला जितके मिळाले असते, त्यापेक्षा कमी देता येत नाही. ती हमी किती पोकळ असू शकते, ते आता आकडे मांडल्यावर दिसेल.

५. पाटाचं पाणी

खरेदीदार मिळाला नाही, किंवा मिळूनही त्याने शब्द पाळला नाही, तर कंपनी अवसायनात जाते. अवसायक तिची मालमत्ता विकतो आणि आलेले पैसे संहितेच्या ५३व्या कलमातल्या क्रमाने वाटतो. धरणातून पाटाला पाणी सोडलं आणि मुखाकडच्या शेतांनी आधी भरून घेतलं, तर टोकाकडच्या शेतापर्यंत काय पोहोचेल ते धरणात पाणी किती होतं यावर ठरतं. इथेही तसंच आहे. वरच्याचं पूर्ण भागल्याशिवाय खालच्याला एक रुपयाही जात नाही.

एक कारखाना कल्पनेने उभा करू. वाहनांचे सुटे भाग बनवणारा, पुण्याजवळच्या औद्योगिक वसाहतीतला. तो बंद पडला, अवसायकाने जमीन, यंत्रं, माल सगळं विकलं आणि हाती ६० कोटी रुपये आले.

रांग सुरू होण्याआधीच एक रक्कम बाजूला निघते. कामगारांचा भविष्यनिर्वाह निधी, पेन्शन निधी आणि ग्रॅच्युइटी निधी हे कंपनीच्या वाटायच्या मालमत्तेत धरलेच जात नाहीत, कारण ते पैसे मुळात कामगारांचे आहेत. आपल्या कारखान्याने पगारातून कापलेले फंडाचे २ कोटी भरले नव्हते असं धरू. ते काढले. उरले ५८ कोटी.

रांगेत सगळ्यात पुढे असतो प्रक्रियेचा खर्च. रिझोल्यूशन प्रोफेशनलची आणि अवसायकाची फी, पहारा, वीज, या काळात प्रत्यक्ष काम केलेल्या माणसांचा पगार. तो ४ कोटी झाला. कामगारांना याचा राग येतो, आणि ते समजण्यासारखं आहे. पण हे पैसे आधी मिळतील याची खात्री नसती, तर बुडत्या कंपनीच्या गेटवर पहारा द्यायला कुणी आलं नसतं आणि यंत्रांचं तांबं महिन्याभरात चोरीला गेलं असतं. उरले ५४ कोटी.

दुसऱ्या पायरीवर दोघे शेजारी उभे असतात. एक कामगार, अवसायन सुरू होण्याआधीच्या २४ महिन्यांच्या थकबाकीसाठी. दुसरी तारण असलेली बँक, जर तिने आपलं तारण सगळ्यांच्या सामायिक पेटीत टाकलं असेल तर. आपल्या कारखान्यात कामगारांचे ८ कोटी आहेत आणि बँकेचे ८२ कोटी. एकूण ९० कोटी द्यायचे, हातात ५४. म्हणजे दोघांनाही रुपयाला साठ पैसे. कामगारांना ४ कोटी ८० लाख, बँकेला ४९ कोटी २० लाख.

पेटी रिकामी झाली.

तिसऱ्या पायरीवर होते व्यवस्थापक, हिशेबनीस, विक्री अधिकारी असे कामगार या व्याख्येत न बसणारे कर्मचारी, त्यांचा १२ महिन्यांचा थकलेला पगार ३ कोटी. चौथ्यावर विनातारण कर्ज देणारे, १० कोटी. पाचव्यावर केंद्र आणि राज्य सरकारची मागच्या दोन वर्षांची देणी, ९ कोटी. सहाव्यावर बाकीचे सगळे, ज्यात लोखंड देणारा, पॅकिंगचे खोके देणारा, कॅन्टीन चालवणारा असे पुरवठादार येतात, १६ कोटी. सर्वांत शेवटी भागधारक. या सगळ्यांना शून्य.

आता एक प्रयोग करू. हीच मालमत्ता ६० ऐवजी १२० कोटींना, म्हणजे नेमक्या दुप्पट भावाला विकली गेली असं धरा. फंड आणि खर्चाचे ६ कोटी गेले, ११४ उरले. बँक आणि कामगारांचे ९० कोटी पूर्ण फिटले, २४ उरले. कर्मचाऱ्यांना ३, उरले २१. विनातारण कर्जदात्यांना १०, उरले ११. सरकारला ९, उरले २. आणि पुरवठादारांच्या १६ कोटींसाठी हे २ कोटी, म्हणजे रुपयाला साडेबारा पैसे. किंमत दुप्पट येऊनही टोकाच्या शेतात नुसता ओलावा पोहोचला.

या क्रमात माझ्या मते सर्वांत मोठा अन्याय लहान पुरवठादारावर होतो. बँकेने तारण पाहून, व्याजात जोखीम धरून कर्ज दिलेलं असतं. खोके देणाऱ्याने साठ दिवसांच्या उधारीवर माल दिलेला असतो, कारण तसं केलं नाही तर ऑर्डरच मिळत नाही. मोठ्या कंपनीपुढे त्याला अटी घालता येत नाहीत, आणि रांगेत तो सरकारच्याही मागे उभा असतो.

बँकेने तारण सामायिक पेटीत टाकलंच पाहिजे असं मात्र नाही. ती बाहेर राहून आपलं तारण स्वतः विकू शकते. म्हणून कामगारांचा वाटा बुडतो का? नाही. नियमाप्रमाणे तिला प्रक्रियेच्या खर्चाचा आणि कामगारांचा वाटा अवसायकाकडे भरावाच लागतो. आणि तारण विकून कर्ज पूर्ण फिटलं नाही, तर उरलेल्या रकमेसाठी ती दुसऱ्या पायरीवरून थेट पाचव्या पायरीवर, सरकारच्या शेजारी जाते. त्यामुळे तारणाला चांगला भाव येणार याची खात्री असेल तरच बँका बाहेर राहतात.

६. चोवीस महिने कुठून मोजायचे?

कामगारांच्या २४ महिन्यांत एक खाच आहे, आणि ती फार कमी लोकांच्या लक्षात येते. हे महिने मागे मोजायचे ते अवसायनाच्या आदेशापासून. कारखाना बंद पडला त्या दिवसापासून नाही.

जेटच्या तारखा मांडून पाहा. विमानं थांबली एप्रिल २०१९ मध्ये. जालान-कालरॉक गटाचा पुनरुज्जीवनाचा प्रस्ताव न्यायाधिकरणाने जून २०२१ मध्ये मंजूर केला. तो कागदावरच राहिला. बँका आणि तो गट एकमेकांविरुद्ध कोर्टात भांडत राहिले. शेवटी ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आपले विशेष अधिकार वापरून कंपनी अवसायनात काढण्याचा आदेश दिला. तिथून २४ महिने मागे गेलं की नोव्हेंबर २०२२ येतो. तेव्हा विमानं थांबून साडेतीन वर्षं झाली होती. कायद्याचे शब्द सरळ वाचले तर २०१९ मधला थकलेला पगार त्या चौकटीत बसत नाही. चौकटीबाहेर पडलेली थकबाकी सहाव्या पायरीवर, पुरवठादारांच्या रांगेत जाते. उशिराची किंमत इथे नेमकी कोण मोजतं, ते या तारखाच दाखवतात.

फंडाची गोष्ट वेगळी. जेटच्या कर्मचाऱ्यांच्या लढ्यात अपील न्यायाधिकरणाने ऑक्टोबर २०२२ मध्ये भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीची थकबाकी पूर्ण द्यायला सांगितलं आणि जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हात घातला नाही. तरी ग्रॅच्युइटीबाबत एक फरक लक्षात ठेवायला हवा. कंपनीने त्यासाठी वेगळा निधी उभारलेला असेल तर तो रांगेबाहेर सुरक्षित असतो. निधीच नसेल, तर अवसायकाने पैसे कुठून द्यायचे हा वाद उभा राहतो, आणि त्या वादात कामगार हरलेलेही आहेत. आपल्या कंपनीचा ग्रॅच्युइटी निधी आहे का, हे नोकरी चालू असतानाच विचारून घेणं शहाणपणाचं.

७. रांग मोडून कुणी पुढे गेलं तर?

बुडण्याची चाहूल सर्वांत आधी मालकाला लागते. मग काही वेळा तो आपल्या माणसांचे पैसे गुपचूप फेडून टाकतो. आपल्या कारखान्यातल्या एका संचालकाच्या पत्नीने कंपनीला ३ कोटी रुपये विनातारण दिले होते आणि अर्ज होण्याच्या आठ महिने आधी ते परत केले गेले, असं धरू. ती चौथ्या पायरीवर उभी राहायची, जिथे शून्य मिळालं असतं. तिला शंभर टक्के मिळाले.

अशा व्यवहारांना मोडता घालण्याची सोय कायद्यात आहे. नात्यातल्या किंवा संबंधित व्यक्तीला दिलेलं असेल तर मागची दोन वर्षं, इतरांच्या बाबतीत एक वर्ष तपासता येतं. धंद्याच्या नेहमीच्या ओघात दिलेले पैसे यातून सुटतात. कच्च्या मालाचं बिल वेळेवर भागवलं म्हणून कुणी ते परत मागणार नाही. ते ३ कोटी परत आले तर दुसऱ्या पायरीसाठी ५४ ऐवजी ५७ कोटी होतात आणि बँक-कामगारांचा वाटा साठ पैशांवरून त्रेसष्ट पैशांवर जातो. त्या बाईंचं घेणं पुन्हा जिवंत होतं, पण आपल्या पायरीवर.

अडचण पुराव्याची असते. संचालक वही आणि संगणक घेऊन गेलेले असतात, खात्यांची छाननी करायला पैसे लागतात, आणि कोर्टात वर्षं जातात. म्हणून हिशेब विभागात काम करणाऱ्या माणसाची साक्ष आणि बँकेचे उतारे इथे सोन्याच्या मोलाचे ठरतात.

८. रांगेत उभं राहायचं कसं?

स्थगिती लागली की वर्तमानपत्रात जाहीर सूचना येते आणि नादारी व दिवाळखोरी मंडळाच्या संकेतस्थळावरही ती टाकली जाते. प्रत्येकाने आपलं घेणं पुराव्यासह कळवायचं असतं. पुरवठादाराने नमुना ‘ब’ भरायचा (इंग्रजी अक्षराप्रमाणे B), कर्जदात्याने C, कामगार किंवा कर्मचाऱ्याने D. सगळ्या कामगारांच्या वतीने एकच प्रतिनिधी अर्ज करणार असेल तर E. सोबत पगाराच्या स्लिपा, नेमणुकीचं पत्र, बिलं, चलनं, बँकेचा उतारा. अर्ज भरायला वकील लागतोच असं नाही. पण अर्जच केला नाही, तर हिशेबात नावच येत नाही, आणि एकदा कंपनी नव्या मालकाकडे मंजूर प्रस्तावाने गेली की जुनी न कळवलेली घेणी सहसा कायमची मिटतात.

पगार दोन-तीन आठवडे उशिरा यायला लागला की स्लिपवर कापलेली फंडाची रक्कम भविष्यनिर्वाह निधीच्या पासबुकात दिसते का, ते ताडून पाहावं. ही पडताळणी मोबाईलवर होते. कापलेली रक्कम तिथे दिसत नसेल, तर कंपनी कामगारांच्याच पैशावर तग धरून आहे असा त्याचा अर्थ होतो, आणि तक्रार त्याच वेळी करायची असते.

शेअर घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट. दिवाळखोरीत गेलेल्या कंपनीचा शेअर बाजारात काही रुपयांना मिळतो, नवा मालक येणार अशी बातमी आली की तो उसळतो, आणि स्वस्तात मिळतोय म्हणून लोक घेतात. मुंबईच्या डीएचएफएल या गृहकर्ज कंपनीच्या बाबतीत हेच झालं. घेणेकऱ्यांची मागणी ८७ हजार कोटींच्या आसपास होती, पिरामल समूहाचा मंजूर झालेला प्रस्ताव ३४,२५० कोटींचा. ठेवीदारांनाही सगळे पैसे मिळाले नाहीत. बातमी चांगली होती, कंपनी वाचली होती, शेअरची खरेदी-विक्री जून २०२१ पर्यंत सुरू होती. मग बाजारातून शेअर काढून टाकला गेला आणि जुन्या भागधारकांच्या हातात आलेली रक्कम शून्य होती. वरच्या पायरीवरच्यांचेच पन्नास हजार कोटींहून अधिक रुपये बुडाले असताना सर्वांत खालच्या पायरीला काही मिळण्याची शक्यता नव्हती, आणि हे दोन्ही आकडे प्रस्ताव मंजूर झाला तेव्हाच सगळ्यांना माहीत होते.